सोमवारीच गैरहजर राहणाऱ्या ऑपरेटरला खाजगी मेसेज: मसुदा बघून सांगा

चटई_जळगाव (28 एप्रिल, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यात उत्पादन बघतो. माझ्या हाताखालचे एक ऑपरेटर चटईची नळी काढणाऱ्या एक्सट्रूडरवर आहेत. माझ्यापेक्षा वयाने मोठे, कामात पक्के, कधी कोणाशी वाद नाही. पण जानेवारीपासून त्यांचे 9 खाडे झाले आणि त्यातले 7 सोमवारी आले. आमची साप्ताहिक सुट्टी रविवारी असते.

सोमवारचा खाडा आम्हाला जास्त जड जातो. रविवारभर मशीन थंड असतं, सोमवारी सकाळी सहाला पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने हीटर चालू करायचे, बॅरल सगळीकडून सारखा तापू द्यायचा आणि मगच स्क्रू फिरवायचा. आत शनिवारचा माल घट्ट होऊन बसलेला असतो. मार्चमध्ये हे आले नाहीत म्हणून हेल्परने घाई करून स्क्रू फिरवला तर मोटर ट्रिप झाली. नशीब, स्क्रू वाचला.

मालक म्हणतात सरळ नोटीस द्या. मला आधी खाजगीत मेसेज करायचा आहे. मी असा लिहिला आहे:

"भाऊ, तुमच्या सुट्ट्या नेहमी सोमवारीच येतात हे माझ्या लक्षात आलं आहे. तुम्ही चांगले कामगार आहात, पण असं चालणार नाही. काही अडचण असेल तर सांगा. पुढे काळजी घ्या."

हा गोड तरी आहे का आणि स्पष्ट तरी आहे का, ते सांगा. ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत.

शेवभाजी_प्रेमी (28 एप्रिल, रात्री 9:52)

भो, रविवारी रात्रीची शेवभाजी आणि भरीत-पुरी अंगावर येत असेल. सोमवारी कोण उठतं?

खरं_तेच_बोलतो (28 एप्रिल, रात्री 10:05)

एवढं गोंजारायची गरज काय? रविवारी 'बसायचं' आणि सोमवारी पडायचं, सगळ्या एमआयडीसीत हेच चालतं. कायदाच आहे, 10 दिवस गैरहजर राहिला की काढून टाकता येतं. याचे 9 झाले, एक राहिला. शिवाय सुट्टीला लागून खाडा केला की रविवारचा पगारही कापायचा, तोही नियम आहे. मेसेजबिसेज सोडा, पत्र द्या.

आरसा_कात्री (28 एप्रिल, रात्री 10:20)

दादा, सोमवारी सुट्टी पाहिजे असेल तर आमच्या धंद्यात या. अमळनेरात माझं सलून आहे, सोमवार म्हणजे पक्की सुट्टी, मालकाला मेसेज करायचं कामच नाही. तुम्ही मालकाला सरळ सांगा की मला सोमवार लागतो, त्याऐवजी रविवारी येतो. काही मालक ऐकतात.

चटई_जळगाव (28 एप्रिल, रात्री 10:26)

आरसाभाऊ, सुट्टी मला नको आहे. मी ज्यांचं काम बघतो त्यांच्याबद्दल विचारतोय.

आरसा_कात्री (28 एप्रिल, रात्री 10:31)

अच्छा, उलटं आहे होय. मग माझा पास. पण वाचतोय, माझाही एक कारागीर मंगळवारी येत नाही.

तापीकाठ (28 एप्रिल, रात्री 11:10)

कार्मिक विभागात आयुष्य गेलं माझं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'खरं तेच' यांचं. आदर्श स्थायी आदेशांमध्ये गैरवर्तनाची जी यादी आहे तिच्यात वारंवार विनारजा गैरहजेरी आणि 10 दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजेरी हे दोन्ही आहे, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण यादीत आहे म्हणजे काढता येतं असं नाही. आरोपपत्र, त्याचा खुलासा, चौकशी, त्याला बाजू मांडायची संधी, आणि मग शिक्षा. ती शिक्षाही गुन्ह्याच्या मापात लागते. चार महिन्यांतले सुटे सुटे 9 दिवस मोजून 'एक राहिला' म्हणणं चुकीचं आहे. आणि सुट्टीला लागून खाडा केला की रविवार कापायचा हा देशाचा कायदा नव्हे, तो त्या त्या कंपनीचा रजेचा नियम असतो. तुमच्या कारखान्यात तसं लेखी असेल आणि कामगारांना माहीत असेल तरच तो लावायचा विचार करा.

आता चटईभाऊ, तुमच्या मसुद्याकडे येण्याआधी मस्टरकडे या. आठवड्याचे सहा दिवस काम, म्हणजे खाडे इकडेतिकडे पडले असते तर 9 पैकी सोमवारी एखाद-दुसरा आला असता. 7 आले म्हणजे काहीतरी आहे हे खरं. पण ते 7 कोणते? प्रत्येक तारखेपुढे तीन गोष्टी लिहा: रजा आधी मागितली होती का, निरोप किती वाजता आला, आणि त्या आठवड्यात त्यांची पाळी कोणती होती. हे केल्याशिवाय एक अक्षरही पाठवू नका.

केळीचा_घड (29 एप्रिल, सकाळी 6:50)

रावेरकडून. 20 एप्रिलचा सोमवार मोजला असेल तर काढा बुवा. 19 ला रविवारी आखाजी होती. पोरीबाळी माहेरी आलेल्या, घरोघरी आंब्याचा रस, गावोगाव झोके. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी केळी कापायला एक मजूर मिळाला नाही. त्या दिवसाचा खाडा खान्देशातल्या माणसाच्या नावावर लावू नये.

चटई_जळगाव (29 एप्रिल, सकाळी 8:15)

तापीकाठ काका, मस्टर आणि पाळीचा तक्ता समोर घेऊन बसलो.

सोमवार असे आहेत: 12 जानेवारी, 9 फेब्रुवारी, 9 मार्च, 23 मार्च, 6 एप्रिल, 13 एप्रिल, 20 एप्रिल. यातली 13 एप्रिलची रजा त्यांनी आठवडाभर आधी अर्ज देऊन घेतली होती, 14 ला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून जोडून. सही माझीच आहे. 20 ला केळीभाऊ म्हणतात तेच, आमचे निम्मे लूम बंद होते.

राहिले पाच. पाचही दिवशी निरोप सकाळी सहाच्या नंतर आला, एकदा तर साडेआठला.

आणि पाळी. आमच्याकडे रात्रपाळीला वेगळी माणसं आहेत, बाकीचे एक आठवडा पहिली आणि एक आठवडा दुसरी करतात. या पाचही सोमवारी त्यांची पहिली पाळी होती. दुसऱ्या पाळीच्या सोमवारी ते एकदाही चुकलेले नाहीत, ती एक मंजूर रजा सोडली तर.

तापीकाठ (29 एप्रिल, सकाळी 8:40)

बघा. तुमचा प्रश्न आता 'सोमवार' राहिलाच नाही, तो 'सोमवारी सकाळी सहा' झाला. 12 जानेवारीनंतरची पहिली पाळी 26 ला येते, त्या दिवशी सुट्टी होती. 23 फेब्रुवारीला काय झालं होतं?

चटई_जळगाव (29 एप्रिल, सकाळी 8:44)

23 फेब्रुवारीला आले होते. वेळेवर.

तापीकाठ (29 एप्रिल, सकाळी 9:05)

मग हेही लक्षात ठेवा की त्यांना येता येतं, पण दरवेळी जमत नाही. दारू प्यायलेला माणूस दुसऱ्या पाळीच्या सोमवारी दुपारी दोनला ठणठणीत येऊ शकतो, त्यामुळे 'खरं तेच' यांची शंका यातून पुरती पुसली जात नाही. पण रविवारी गावाला गेलेला माणूस, सकाळी कोणाला तरी दवाखान्यात नेणारा माणूस, लहान पोराला सोडणारा माणूस, हे सगळेसुद्धा असेच दिसतात. मस्टर कारण सांगत नाही. म्हणून मेसेजमध्ये कारणाचा अंदाज शब्दानेही येता कामा नये.

मुक्कामी_गाडी (29 एप्रिल, सकाळी 9:30)

ते चोपड्या-यावलकडचे आहेत का? असतील तर एसटीची मुक्कामी गाडी चालू आहे का ते बघा. आमच्या गावात रात्री गाडी मुक्कामाला यायची आणि पहाटे निघायची, त्याच गाडीने सगळे कामावर जायचे. ती बंद झाल्यावर पहिली गाडी सातला. रविवारी आईबापाला भेटायला गेलेला माणूस सोमवारी सहाला जळगावात कसा पोचणार? आठवड्यातले बाकी दिवस तो जळगावातच खोलीवर राहतो, म्हणून मंगळवार ते शनिवार काही होत नाही. माझ्या चुलतभावाचं हुबेहूब असंच होतं. त्याच्या साहेबाने विचारलंच नाही, पगार कापत राहिले. शेवटी तो सुरतला निघून गेला.

चटई_जळगाव (29 एप्रिल, सकाळी 9:38)

गाव तापीच्या पलीकडचं आहे एवढं खरं. बाकी मला माहीत नाही.

धुळ्याची_लेक (29 एप्रिल, सकाळी 10:15)

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे जिला असा मेसेज आला होता तिची. माझ्या सासूबाईंचं डायलिसिस सोमवारी आणि गुरुवारी असायचं. गुरुवारी नणंद न्यायची, सोमवारी मी. काही सोमवारी लवकर उरकायचं आणि मी दुपारून ऑफिसात जायचे, काही वेळा मशीन मोकळं नसायचं आणि दिवस जायचा. साहेबांनी मला विचारलं नाही, ऑफिसच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं, सोमवारी अंथरुणातून न उठणारं मांजर. खाली हसण्याच्या खुणा. कोणी नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. मी ते आजही विसरलेली नाही.

नंतर बदलून आलेल्या मॅडमनी खाजगीत लिहिलं. त्यांनी माझ्या सगळ्या तारखा लिहिल्या होत्या, आणि पुढे लिहिलं होतं की कारण सांगायचं की नाही हे तुमच्यावर, पण कामाचं काय करायचं ते दोघींना मिळून ठरवावं लागेल. तारखा बघून मला आधी धस्स झालं. पण मग वाटलं, निदान या बाई गोळाबेरीज आरोप करत नाहीयेत. माझ्या तब्येतीची चौकशी करणारे दहा प्रेमळ मेसेज आले असते तरी मी उत्तर दिलं नसतं. कामाचं काय करायचं, याला उत्तर द्यावंच लागलं.

चटईदादा, तुमच्या मसुद्यातलं 'माझ्या लक्षात आलं आहे' हे वाक्य काढा. चोरी पकडल्यासारखं वाटतं.

नंदुरबारी_मिरची (29 एप्रिल, सकाळी 10:40)

ताई, +1. आणि 'नेहमी'ही काढा. 23 फेब्रुवारीला माणूस आला होता ना? मग तो पहिलं तेच म्हणेल, 'नेहमी कुठं?' आणि बोलणं तिथंच अडकेल.

खरं_तेच_बोलतो (29 एप्रिल, सकाळी 11:00)

ताईंची गोष्ट वेगळी. पण आजारपणाचं खरं असेल तर डॉक्टरचा कागद का आणत नाहीत हे लोक? ईएसआयसी आहे ना? कागद नाही म्हणजे काहीतरी गडबड आहेच.

तापीकाठ (29 एप्रिल, सकाळी 11:25)

इथे अनुभव सांगतो. ईएसआयसीचा आजारपणाचा लाभ पगाराच्या 70 टक्के मिळतो, पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत, मागचं आजारपण 15 दिवसांच्या आतलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एका सोमवारच्या आजारासाठी कामगाराला तिथून एक रुपया मिळत नाही. मग तो अर्धा दिवस रांगेत उभा राहून कागद कशाला आणेल? आणि आजारी तो स्वतः नसून घरातलं कोणी असेल तर त्या लाभाचा प्रश्नच येत नाही. कागद नसणं हा खोटेपणाचा पुरावा धरू नका. उलट एका दिवसासाठी कागदाची सक्ती केली की गल्लीतल्या डॉक्टरकडून पन्नास-शंभर रुपयांत कागद यायला लागतात, आणि मग तुमच्या हातात खोटे पण व्यवस्थित कागद राहतात.

आता मसुदा. 'तुम्ही चांगले कामगार आहात, पण' यातला 'पण' आला की आधीचं कौतुक वाया जातं. कौतुक खरं असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळं करा. 'असं चालणार नाही' यात 'असं' म्हणजे काय? रजाच घ्यायची नाही, सोमवारी घ्यायची नाही, की न कळवता घ्यायची नाही? तुम्हाला तिसरं म्हणायचं आहे असं मी धरतो. मग तेच लिहा. 'पुढे काळजी घ्या' हे वाक्य तर वाचणाऱ्याला तब्येतीची काळजी वाटेल किंवा धमकी वाटेल, त्याच्या मनःस्थितीवर आहे.

चटई_जळगाव (29 एप्रिल, सकाळी 11:40)

हो, तिसरंच. त्यांची रजा शिल्लक आहे. शनिवारी सांगितलं असतं तर मी दुसरा माणूस लावला असता. सकाळी सातला कळलं की दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला झोपेतून उठवून बोलवावं लागतं, तो आठला येतो, मशीन तापून माल निघायला दहा वाजतात. सुरुवातीची गाठीगाठींची नळी भंगारात जाते ती वेगळीच.

पाचोरा_पॅसेंजर (29 एप्रिल, दुपारी 12:05)

मला मुळात मेसेजच पटत नाही. वयाने मोठा माणूस आहे, जाऊन खांद्यावर हात ठेवून विचारा. लिहिलेलं घरी बायको वाचते, पोरगा वाचतो. आमच्याकडे म्हणतात तसं, आते सांगी टाक भो, मनमां ठेवू नको.

धुळ्याची_लेक (29 एप्रिल, दुपारी 12:20)

पाचोराभाऊ, मला उलट वाटतं. समोर बोलावून एकदम विचारलं तर माणूस तोंडाला येईल ते कारण सांगतो आणि मग त्याच कारणाला धरून बसावं लागतं. आधी लिहून पाठवलं की रात्रभर विचार करायला मिळतो, किती सांगायचं ते ठरवता येतं. बोलणं पाहिजेच, पण दुसऱ्या दिवशी.

तापीकाठ (29 एप्रिल, दुपारी 12:35)

दोघांचं थोडं थोडं घ्या. मेसेज पाठवा, त्यातच भेटीची वेळ द्या. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं उद्या कागद म्हणून समोर येऊ शकतं, तुमच्याही आणि त्यांच्याही बाजूने. म्हणून कामगार न्यायालयात मोठ्याने वाचून दाखवलं तरी मान खाली घालावी लागणार नाही असंच लिहा. पाठवून पुसू नका. आवाजी मेसेज नको, तो चहाच्या टपरीवर चुकून वाजतो.

वेळ: रविवारी रात्री कधीच नाही, सुट्टी नासते आणि सोमवारचा खाडा आणखी पक्का होतो. ज्या सोमवारी ते आले नाहीत त्या सकाळीही नाही, तेव्हा तुम्ही रागात असता. आज बुधवार आहे, दुसरी पाळी चालू आहे त्यांची, पुढची पहिली पाळी 4 मे ला. परवा 1 मे ची सुट्टी. म्हणजे आज मेसेज आणि उद्या भेट, याहून चांगली वेळ नाही.

चटई_जळगाव (29 एप्रिल, दुपारी 1:10)

पुन्हा लिहिला. बघा.

"नमस्कार भाऊ. हे फक्त तुम्हाला लिहितोय, ग्रुपवर काही टाकलेलं नाही.

12 जानेवारी, 9 फेब्रुवारी, 9 मार्च, 23 मार्च आणि 6 एप्रिल या पाच सोमवारी तुमची पहिली पाळी होती आणि तुम्ही येऊ शकला नाहीत. पाचही वेळा निरोप सकाळी सहानंतर मिळाला. त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या माणसाला घरून बोलवावं लागलं आणि मशीन दोन तास उशिरा लागलं. 13 एप्रिलची रजा तुम्ही आधी मागून घेतली होती, ती आणि आखाजीचा सोमवार मी यात धरलेला नाही.

कारण मला माहीत नाही आणि मी अंदाजही करत नाही. सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा. सोमवारी सकाळची पाळीच अडचणीची असेल तर पाळीबद्दल आपण बोलू शकतो.

मला तुमच्याकडून एवढं हवं आहे: रजा लागणार असेल तर शनिवारी पाळी सुटायच्या आत सांगा. अचानक काही झालं तर पहाटे पाचच्या आत फोन करा. 4 मे ला तुमची पहिली पाळी आहे, ती तुम्ही धरणार की नाही हे मला शनिवारपर्यंत कळायला हवं. यापुढेही न कळवता खाडा झाला तर मला ऑफिसला लेखी द्यावं लागेल. तशी वेळ येऊ नये म्हणून आत्ताच बोलतोय.

उद्या गुरुवारी चारला चहाच्या वेळेत माझ्या केबिनमध्ये या. दहा मिनिटं मशीन दुसरं कोणी बघेल, मी सांगून ठेवतो."

नंदुरबारी_मिरची (29 एप्रिल, दुपारी 1:22)

'लेखी द्यावं लागेल' जरा टोचतंय. काढता येईल का?

तापीकाठ (29 एप्रिल, दुपारी 1:30)

काढू नका. ते काढलं तर मेसेज गोड होईल, आणि महिन्याने नोटीस हातात पडली की माणूस म्हणेल, साहेब चहा पाजून गोड बोलले आणि मागून कागद काढला. पुढे काय होणार ते आधी सांगणं ही त्याच्यावर दया आहे. फक्त जे खरंच करणार आहात तेच लिहा. मालकाशी बोलून घ्या की पुढच्या न कळवलेल्या खाड्यापर्यंत नोटीस निघणार नाही. तुम्ही एक लिहायचं आणि ऑफिसने परस्पर दुसरं करायचं, असं झालं तर तुमचा शब्द त्या खात्यात परत कोणी धरणार नाही.

खरं_तेच_बोलतो (29 एप्रिल, दुपारी 1:45)

मेसेज चांगला झाला, मान्य करतो. पण दारू असेल तर काय करणार हे अजून कोणी बोललं नाही. मशीनवर माणसाचा हात जातो.

तापीकाठ (29 एप्रिल, दुपारी 2:00)

हा मुद्दा खरा आहे तुमचा. कामावर आलेल्या माणसाच्या तोंडाला वास येत असेल तर त्याला त्या क्षणी मशीनवरून बाजूला करायचं, तिथे गोड-स्पष्ट काही नाही. पण तो सुरक्षेचा प्रश्न झाला. न आलेल्या माणसाला वास नसतो. दोन्ही एका मेसेजमध्ये घालू नका.

चटई_जळगाव (29 एप्रिल, दुपारी 3:15)

मालकांशी बोललो. नोटीस थांबवायला तयार झाले. मेसेज पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही.

शेवभाजी_प्रेमी (29 एप्रिल, दुपारी 3:20)

उद्या चहासोबत भजी ठेवा. पोट भरलं की माणूस बोलतो.

मुक्कामी_गाडी (3 मे, रात्री 8:00)

चटईभाऊ, काय झालं? उद्या 4 मे आहे.

चटई_जळगाव (12 मे, रात्री 9:15)

उशिरा लिहितोय, मंडळी.

मेसेजला त्या दिवशी रात्री साडेदहाला उत्तर आलं: "उद्या येतो साहेब." गुरुवारी चारला आले. कारण सांगितलं. ते त्यांचं आहे म्हणून इथे लिहीत नाही, एवढंच सांगतो की इथे मांडलेल्या कोणत्याच अंदाजाशी ते पूर्ण जुळत नाही, आणि ते जूनअखेरपर्यंत तरी राहणार आहे.

ठरलं ते असं: ज्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी आहे त्यातल्या फक्त सोमवारी ते दुसऱ्या पाळीला येतील आणि दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर सकाळी मशीन चालू करेल. त्या ऑपरेटरला शनिवारी दुसऱ्या पाळीत रात्री दहापर्यंत थांबायला आवडत नाही, म्हणून त्या आठवड्यातला शनिवार हे त्याच्याऐवजी करतील. दोघांनी माझ्यासमोर बोलून मान्य केलं. 4 तारखेला तसंच झालं, मशीन सव्वाआठला माल द्यायला लागलं होतं.

एक गोष्ट मला नवीन कळली. निरोप उशिरा का यायचा, तर त्यांना वाटायचं की आधी फोन केला तर मी 'नाही' म्हणेन, आणि मग येणं भागच पडेल. म्हणून वेळ टळून जाऊ द्यायचे.

खरं_तेच_बोलतो (12 मे, रात्री 9:40)

आता उद्या बाकीचे चार जण येतील, आम्हालाही सोमवार सकाळ नको म्हणून. त्यांना काय सांगणार? एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं.

धुळ्याची_लेक (12 मे, रात्री 9:55)

त्यांनाही तेच सांगायचं, पाळी घेणारा माणूस शोधून आणा आणि कधीपर्यंत हवं ते सांगा. फुकट काही मिळालेलं नाही, शनिवार द्यावा लागला आहे.

खरं_तेच_बोलतो (12 मे, रात्री 10:02)

ताई, ज्याला अदलाबदलीला माणूस मिळत नाही त्याचं काय? त्याची अडचण खोटी ठरते का? मला हे पटलेलं नाही.

तापीकाठ (12 मे, रात्री 10:30)

त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला एकच उत्तर सगळ्या कारखान्यांना बसेल असं मला वाटत नाही. चटईभाऊंनी एवढं मात्र करावं: ही अदलाबदल पाळीच्या तक्त्यावर 30 जूनपर्यंत म्हणून लिहून टाका. कारण लिहायचं नाही, फक्त बदल आणि शेवटची तारीख. तारीख नसली की सवलत हक्क होते, आणि लिहिलेलं नसलं की तुमच्या जागी दुसरा कोणी आला तर पहिल्याच सोमवारी खाडा लावून मोकळा होतो. आणि सोमवारी मशीन चालू करणारी माणसं दोनच आहेत हा तुमचा खरा दुबळेपणा आहे. दुसरा ऑपरेटर आजारी पडला तर?

चटई_जळगाव (12 मे, रात्री 10:45)

तक्त्यावर आजच लिहितो काका. आणि ज्या हेल्परच्या हातून मोटर ट्रिप झाली होती त्यालाच तयार करतोय. 18 तारखेच्या सोमवारी त्याला साडेपाचला बोलावलं आहे. हीटर लावणं, प्रत्येक झोनचा आकडा बघणं, तापल्यावरही थोडा वेळ थांबणं आणि मग हळू वेगात स्क्रू, हे सगळं त्याच्या हाताने करून घ्यायचं आहे.

पाचोरा_पॅसेंजर (12 मे, रात्री 10:50)

त्या पोराला अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम देणार ना भो?

चटई_जळगाव (12 मे, रात्री 10:52)

दिला आहे, तक्त्यावर आधीच लिहिलाय.